नारळीकरांचं विश्व आकड्यांत बसत होतं, मग ते मागे का पडलं?

मुळशीकर

गेल्या वर्षी मे महिन्यात, म्हणजे २०२५ मध्ये, नारळीकर सर गेले तेव्हा पेपरांत जे लेख आले त्यांत एक वाक्य ठरलेलं होतं: महास्फोट सिद्धांताला आव्हान देणारे शास्त्रज्ञ. पुढची गोष्टही सगळीकडे तीच. १९४८ मध्ये हॉयल, बाँडी आणि गोल्ड यांनी विश्व कायम सारखंच दिसतं असं सांगणारा स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला, १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशात सगळीकडून येणारं मायक्रोवेव्ह पार्श्वप्रारण सापडलं, आणि स्थिर स्थिती निकालात निघाली.

पण मी थोडं वाचलं तर गोष्ट तिथे संपत नाही. १९९३ मध्ये हॉयल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित आवृत्ती आणली. तिच्यात विश्वाला सुरुवात नाही, ते आकुंचन-प्रसरण पावत एकंदरीत वाढत राहतं, आणि ते पार्श्वप्रारण म्हणजे आधीच्या आवर्तनांतल्या ताऱ्यांचा प्रकाश, लोखंडाच्या बारीक सुयांसारख्या धुळीने शोषून पुन्हा बाहेर टाकलेला. म्हणजे ज्या पुराव्याने हा सिद्धांत मेला म्हणतात, तो पुरावा त्यातही बसतो!

मी आयुष्यभर बँकेत काम केलं, विज्ञानाचं शिक्षण बारावीपर्यंत. माझा प्रश्न एवढाच: निरीक्षण एक, त्यात बसणारे सिद्धांत दोन. मग शास्त्रज्ञ कशावरून ठरवतात? बहुमतावरून?

खगोल_राजन

ऑकमचा वस्तरा. दोन स्पष्टीकरणं सारखीच चालत असतील तर साधं ते घ्यायचं. महास्फोट साधा आहे, लोखंडाच्या सुया हे जास्तीचं लचांड आहे. विषय संपला.

तात्या सोलापूरकर

साधं?? राईएवढ्या जागेतून अख्खं विश्व निघालं हे साधं, आणि आकाशात थोडं लोखंड उडतंय हे लचांड. राजनभाऊ, तुमचा वस्तरा न्हाव्याला दाखवून घ्या.

(खुर्ची टाकून बसलोय. चालू द्या.)

निरभ्र

मुळशीकर, प्रश्न चांगला आहे, कारण पाठ्यपुस्तकं हा टप्पा गाळून टाकतात. मी याच विषयात काम करते (सध्या म्युनिकजवळ), त्यामुळे बाजू आधीच सांगते: मी महास्फोटवाली आहे. पण सुयांची बाजू आधी नीट मांडायला हवी. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

तारा सुपरनोव्हा होऊन फुटतो तेव्हा त्यातून लोखंडाची वाफ बाहेर पडते. धातूची वाफ सावकाश निवली की तिचे गोल कण न होता धाग्यांसारखे स्फटिक होतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. या गटाने धरलेली सुई साधारण एक मिलिमीटर लांब आणि जाडीला त्याच्या लाखाव्या हिश्शाएवढी. असली सुई विजेची वाहक असल्यामुळे मायक्रोवेव्ह लहरी इतक्या जोरात शोषते की सगळ्या विश्वात अगदी नगण्य लोखंड असलं तरी भागतं.

आता प्रारणाचं तापमान. विश्वातल्या साध्या द्रव्याचा वजनाने साधारण पाव हिस्सा हेलियम आहे. समजा ते सगळं ताऱ्यांतच हायड्रोजनपासून तयार झालं. तर त्यातून किती ऊर्जा निघाली याचा हिशेब करता येतो, आणि ती सगळी ऊर्जा प्रारण होऊन आज विश्वभर सारखी पसरलेली धरली तर त्याचं तापमान ३ केल्विनच्या आसपास येतं. मोजलेलं आहे २.७२५. हा आकडा हॉयल अखेरपर्यंत पुढे करत. महास्फोटवाल्यांना मात्र हे तापमान मोजूनच घ्यावं लागतं. १९४८ मध्ये आल्फर आणि हर्मन यांनी ५ केल्विन म्हटलं होतं, गॅमो यांचे आकडे वेळोवेळी बदलत राहिले.

म्हणजे एकट्या या मुद्द्यावर पाहिलं तर सुयांचं पारडं जरा जडच म्हणावं लागेल.

खगोल_राजन

मग योगायोग एवढा नेमका कसा? आता मलाच शंका यायला लागली.

निरभ्र

त्यात एक गोम आहे. तापमान ऊर्जेच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतं. ऊर्जेचा अंदाज दुप्पट चुकला तरी तापमान फक्त १९ टक्क्यांनी हलतं, दहापट चुकला तरी दुपटीच्या आतच राहतं. म्हणजे बऱ्याच ढोबळ हिशेबातूनही २ ते ५ च्या मधलं काहीतरी निघणारच होतं. योगायोग आहे, पण वाटतो तेवढा महाग नाही.

खरी अडचण प्रारणाच्या आलेखाच्या आकारात आहे. १९९० मध्ये कोबे उपग्रहाने तो मोजला. एकाच तापमानाच्या वस्तूचा आलेख जसा यावा तसाच तो आहे, आणि नंतरच्या विश्लेषणानुसार फरक कमाल तीव्रतेच्या दहा लाखांत ५० भागांहूनही कमी. वेगवेगळ्या अंतरावरच्या, वेगवेगळ्या तापमानांच्या धुळीचा प्रकाश एकत्र आला असता तर आलेख पसरट झाला असता. तसं व्हायला नको असेल तर धुकं इतकं दाट हवं की प्रकाश पुन्हापुन्हा शोषला जाऊन सगळा एकजीव व्हावा. पण याच मायक्रोवेव्ह लहरींमध्ये आपल्याला फार दूरचे रेडिओ स्रोत व्यवस्थित दिसतात. दाट धुक्यातून ते दिसायला नकोत.

त्यांचं उत्तर: मागच्या आकुंचनाच्या वेळी सुया जवळजवळ होत्या, तेव्हा धुकं दाट होतं, आता विरळ आहे. हे उत्तर चूक आहे असं मी म्हणणार नाही. फक्त दाटपणा त्यासाठी एका ठराविक पट्ट्यातच असावा लागतो, आणि तो तिथेच का असावा याचं वेगळं कारण सिद्धांतात सापडत नाही.

विंगेतला

तत्त्वज्ञानाच्या बाजूने दोन शब्द टाकतो. इथे जे चाललंय त्यावर पिएर द्युएम यांनी १९०६ मध्ये लिहून ठेवलंय आणि क्वाइन यांनी १९५१ मध्ये ते आणखी ताणलं. आपण एकटा सिद्धांत कधीच तपासत नाही. सिद्धांताबरोबर धूळ, उपकरण, अंतरं मोजायची पद्धत अशी अख्खी वरात असते. निरीक्षण जुळलं नाही तर दोष वरातीतल्या कुणाच्याही माथी मारता येतो. नवरदेव कायम निर्दोष.

आणि ही लबाडीच असते असंही नाही. युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालेना तेव्हा ल व्हेरिए यांनी न्यूटनला हात न लावता एक न दिसलेला ग्रह कल्पिला, आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सापडला. १८५९ मध्ये बुधाची कक्षा जुळेना तेव्हा याच गृहस्थांनी तीच युक्ती केली. सूर्याजवळ व्हल्कन नावाचा ग्रह असावा म्हणाले. लोकांनी तो 'पाहिला'सुद्धा! प्रत्यक्षात असा ग्रहच नव्हता. १९१५ मध्ये आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला आणि शतकाला ४३ विकलांचा तो फरक त्यातून आपोआप निघाला.

माणूस तोच, तर्क तोच, एकदा बरोबर आणि एकदा चूक. १८५९ मध्ये बसून कुठल्या नियमाने सांगता आलं असतं की या वेळी ग्रह शोधू नका? माझ्या मते कुठल्याच नाही. त्यामुळे मुळशीकर, 'बहुमतावरून' हे तुमचं उत्तर वाटतं तेवढं वेडगळ नाही.

स्लाइडवाली

मला खगोलातलं कळत नाही, पण प्रश्न रोजच्या ओळखीचा वाटला. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. परवाचाच रिपोर्ट बघा. तरुण मुलगी, हिमोग्लोबिन १०.४, लाल पेशींचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही ६४. दोन निदानं यात सारखीच बसतात: लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर. स्लाइडखालीही दोन्हीकडे छोट्या फिकट पेशी. बहुतेक डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून मोकळे होतात, कारण आपल्याकडे लोहाची कमतरता फार सर्रास.

पण तिच्या लाल पेशींची संख्या ५.६ होती. लोह कमी असेल तर सहसा संख्याही घटते. ६४ ला ५.६ ने भागलं की ११.४ येतात. १३ च्या खाली आलं की थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा, असा आमच्यात ठोकताळा आहे. ठोकताळाच, पुरावा नव्हे. मग एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार किती टक्के आहे ते मोजलं, ते ५ च्या वर निघालं (साधारण साडेतीनच्या वर थॅलेसेमिया मायनर धरतात). निकाल लागला.

म्हणजे दोन निदानं एकाच रिपोर्टात बसणं ही रिपोर्ट अपुरा असल्याची खूण. पुढची टेस्ट मागवायची. विंगेतल्यांना यात तत्त्वज्ञान कुठे दिसतं ते कळलं नाही :)

विंगेतला

ताई, एक विचारतो. लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर दोन्ही एकाच व्यक्तीत असलं तर?

स्लाइडवाली

असतं की. तेव्हा एचबीए२ कधीकधी खाली येऊन नॉर्मलमध्ये बसतं आणि फसवतं. म्हणून शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन बघायचं, कमी असेल तर आधी लोह भरून काढायचं, मग एचबीए२ पुन्हा करायचं.

विंगेतला

हीच ती वरात. तुमची निर्णायक टेस्टसुद्धा 'लोह पुरेसं आहे' हे गृहीत धरून चालते.

स्लाइडवाली

हो, पण लोह पुरेसं आहे का हे मला वेगळ्या टेस्टने बघता येतं! तुमची वरात अमर्याद नाही, माझ्याकडे फेरिटिनचं मशीन आहे.

तात्या सोलापूरकर

ताईंना १ गुण. तत्त्वज्ञान ०.

सन्मान_जोशी

सर आज उत्तर द्यायला हयात नाहीत आणि इथे त्यांच्या कामाची चिरफाड चालली आहे. ज्यांनी पुण्यात आयुका उभी केली, मराठी मुलांना विज्ञानकथा दिल्या, त्यांना 'हरलेले' ठरवायला निघालात. परदेशात बसलेल्यांनी तरी भान ठेवावं.

मुळशीकर

जोशीबुवा, धागा मी काढला तो आदरापोटीच. सिद्धांताची चिकित्सा म्हणजे माणसाचा अपमान नव्हे. आणि सरांनी स्वतः आयुष्यभर बहुमताशी वाद घातला, त्यांना वाद वर्ज्य कसा असेल?

निरभ्र

जोशी, तुमचं म्हणणं ऐकून आता जे सांगते ते तुम्हाला बहुधा आवडेल.

स्लाइडवाली ताईंच्या एचबीए२ सारखी एक टेस्ट इथेही झाली, आणि तीही आयुकातून. महास्फोट मानला तर पूर्वी विश्व लहान होतं आणि प्रारण जास्त गरम होतं. किती, तर रेडशिफ्टमध्ये, म्हणजे विश्व प्रसरण पावताना प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्या मापात, एक मिळवायचा आणि आजच्या तापमानाला त्याने गुणायचं. २.३४ रेडशिफ्टला २.७३ गुणिले ३.३४, म्हणजे ९.१ केल्विन. जुन्या स्थिर स्थितीत विश्व कायम सारखंच दिसायला हवं, तेव्हा तिथेही २.७ च यायला हवं. २००० मध्ये आयुकाचे आर. श्रीआनंद यांनी पतीजाँ आणि लेदू या सहकाऱ्यांबरोबर चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून क्वेसार या फार दूरच्या तेजस्वी स्रोताच्या वाटेत आलेल्या वायूढगाचा वर्णपट घेतला. ढगातल्या कार्बन अणूंची ऊर्जापातळी हा त्यांचा थर्मामीटर. उत्तर आलं ६ ते १४ च्या मध्ये. पुढे आणखी एका ढगातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून ९ च्या आसपास आणि बऱ्याच कमी त्रुटीने आलं.

नारळीकरांनी उभ्या केलेल्या संस्थेतून, त्यांनी तरुणपणी ज्या सिद्धांताची बाजू लढवली त्याच्या विरुद्ध पुरावा आला, आणि तो छापलाही गेला.

पण मुद्दा पुढे आहे. या मोजमापाने जुनी १९४८ ची स्थिर स्थिती जाते. १९९३ ची जात नाही! तिच्यात चालू आवर्तनापुरतं विश्व प्रसरणच पावतंय, म्हणून मागे जाताना तिचंही प्रारण त्याच प्रमाणात तापतं. तिचंही उत्तर ९.१.

मुळशीकर

म्हणजे पुन्हा मूळपदावर? टेस्ट केली आणि दोघेही पास.

ऊटीचा चहा

या वादाची एक जुनी बाजू सांगतो. मी टीआयएफआरमध्ये होतो, शास्त्रज्ञ नव्हे, इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारा. तुम्ही सगळे 'डेटा' म्हणजे दगडावरची रेघ समजून बोलताय. तशी ती नसते.

पन्नाशीच्या दशकात केंब्रिजला मार्टिन राइल रेडिओ स्रोत मोजत होते. मंद स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, म्हणजे दूरवर, पर्यायाने भूतकाळात, स्रोत जास्त होते, म्हणजे विश्व बदलतंय आणि स्थिर स्थिती चूक. १९५५ च्या यादीत हे प्रमाण प्रचंड दिसत होतं. तिकडे सिडनीत मिल्स यांच्या मोजणीत तसं काही दिसेना. शेवटी निघालं काय, तर राइल यांच्या यादीतले असंख्य मंद 'स्रोत' खरे नव्हतेच. त्यांच्या अँटेनाला जवळजवळचे दोनतीन मंद स्रोत एकच दिसत होते. म्हणजे १९५५ मध्ये हॉयल यांनी डेटावर विश्वास ठेवला नाही ते शंभर टक्के योग्य होतं.

राइल यांनी पुढे चांगली उपकरणं वापरून १९६१ पर्यंत मोजणी सुधारली. जास्तीचं प्रमाण पुष्कळ उतरलं, पण शून्य झालं नाही. तेव्हा केंब्रिजमध्ये विद्यार्थी असलेल्या नारळीकरांनी हॉयल यांच्यासोबत स्थिर स्थितीतही अशी मोजणी कशी येऊ शकते याचं गणित मांडलं. तेही गणितात चूक नव्हतं. पण त्यानंतर आमची ऊटीची दुर्बीण उभी राहिली, ५३० मीटर लांब, डोंगरउतारावर टाकलेली. चंद्र रेडिओ स्रोतांना झाकत जाताना सिग्नल कसा पडतो त्यावरून स्रोताचा आकार मोजायचा. गोविंद स्वरूप आणि कपाही यांनी १९७५ मध्ये शेकड्यांनी स्रोतांचे आकार घेऊन दाखवलं की मंद स्रोत ज्या तऱ्हेने लहान होत जातात ते विश्व बदलतंय असं धरल्याशिवाय नीट बसत नाही. त्या वेळी नारळीकरही टीआयएफआरमध्येच होते. एकाच संस्थेत दोन्ही पक्ष.

माझ्यासारख्याला जे वाटलं ते सांगतो. राइल यांच्या एकट्याच्या मोजणीने कुणी हलायला नको होतं. आकार मोजायची पद्धत पूर्ण वेगळी, दुर्बीण वेगळी, चुका होण्याच्या जागाही वेगळ्या, आणि तरी बोट त्याच दिशेला. तिथे लोकांचं मन वळलं.

खगोल_राजन

ऊटीचा चहा, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. त्या दुर्बिणीच्या बांधणीबद्दल वेगळा धागा काढाच.

तात्या सोलापूरकर

+१. चहाचा फोटोही टाका.

निरभ्र

मुळशीकर, 'पुन्हा मूळपदावर' नाही. १९९३ चं विश्व कुठे अडलं ते आता सांगते.

पार्श्वप्रारण सगळीकडे अगदी एकसारखं नाही, लाखात एखादा भाग इकडेतिकडे आहे. महास्फोट मानला तर सुरुवातीच्या गरम वायूत ध्वनिलहरी उठायला हव्यात, आणि त्या लहरींचा ठसा प्रारणातल्या डागांवर ठराविक आकाराने उमटायला हवा. हे गणित १९७० मध्ये पीबल्स आणि यू यांनी, आणि स्वतंत्रपणे सुन्याएव आणि झेल्डोविच यांनी केलं. तेव्हा असे डाग मोजता येतील असं उपकरणच नव्हतं. तीसेक वर्षांनी, २००० च्या सुमारास फुग्यांवरच्या दुर्बिणींनी आणि २००३ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाने ते मोजले. डागांच्या आकाराच्या आलेखात पहिलं शिखर साधारण एक अंशाच्या आकाराला, मग दुसरं, मग तिसरं.

२००३ मध्येच नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हीच शिखरं आपल्या विश्वातही बसवून दाखवली. मागच्या आकुंचनातल्या दीर्घिका आणि दीर्घिकासमूह यांच्या आकारांतून हे डाग येतात असं धरून. आलेख दोन्हीकडे छान बसतो. तुमचा मूळ प्रश्न याहून स्वच्छ रूपात कुठे मिळणार नाही: एकच आलेख, दोन सिद्धांत.

फरक पुढच्या पानावर आहे. वायूत खरंच ध्वनिलहरी असतील तर जिथे तापमानाचं शिखर, तिथे वायूचा वेग नाममात्र. आणि प्रारणाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरी एका दिशेत जास्त कंप पावणं, हे वेगाप्रमाणे होतं. म्हणून ध्रुवीकरणाची शिखरं तापमानाच्या दऱ्यांच्या जागी यायला हवीत. तापमानाच्या आलेखावरून महास्फोटाच्या गणितातले सहा आकडे एकदा ठरले की ध्रुवीकरणाचा आलेख काढायला नवीन आकडा लागत नाही, तो जो येईल तो येईल. २००२ मध्ये दक्षिण ध्रुवावर ध्रुवीकरण पहिल्यांदा दिसलं आणि पुढे तपशिलात मोजलं तेव्हा शिखरं दऱ्यांतच निघाली. शिवाय त्याच लहरींचा माग दीर्घिकांच्या मांडणीत राहायला हवा, सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवर जोड्या किंचित जास्त. २००५ मध्ये स्लोन सर्वेक्षणात तो सापडला. पुन्हा तेच सहा आकडे.

सुयांच्या विश्वात ध्रुवीकरण कसं यावं हे वेगळं बसवावं लागतं, दीर्घिकांमधलं ते अंतर आणखी वेगळं बसवावं लागतं. बसवता येणारच नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी नवीन काहीतरी मानून.

विंगेतला

छान मांडलंत, पण दोन ठिकाणी अडखळलो.

पहिलं. आधी सांगितलं की नंतर बसवलं, याने पुराव्याचं वजन का बदलावं? आलेख तोच, समीकरण तेच. ते मोजमापाच्या आदल्या दिवशी लिहिलं काय की दुसऱ्या दिवशी, जुळणी तेवढीच. बुधाच्या कक्षेतला फरक तर आइनस्टाइनच्या आधी ५० हून जास्त वर्षं माहीत होता, तरी तो पुरावा सगळ्यांनी उत्तम मानला.

दुसरं. 'नवीन काहीतरी मानून' हा आरोप तुमच्या बाजूवर नाही का? नारळीकर सर हेच तर म्हणत आले. दीर्घिका फिरतात त्याला वस्तुमान पुरेना, मग कृष्णद्रव्य आणलं. १९९८ मध्ये सुपरनोव्हा अपेक्षेहून मंद दिसले, मग कृष्णऊर्जा आणली. त्या मंदपणाचं स्पष्टीकरण तर सुयांकडे हाताशी होतं, धुळीने प्रकाश अडवला म्हणून! तुम्ही केलं की शोध, त्यांनी केलं की ठिगळ.

तात्या सोलापूरकर

आता खुर्ची पुढे ओढली.

निरभ्र

दोन्ही टोले रास्त आहेत.

तारखेला महत्त्व नाही हे मान्य. महत्त्व आहे ते हात किती बांधलेले होते याला. बुधाच्या बाबतीत आइनस्टाइनच्या समीकरणात फिरवायला बटणच नव्हतं, म्हणून ते ४३ जुनं असूनही जड. त्याउलट असाफ हॉल यांनी १८९४ मध्ये न्यूटनच्या वर्गाच्या नियमात २ च्या जागी २.००००००१६ घालून बुध बसवला होता. बसला, पण तो आकडा बुधावरूनच काढलेला, आणि पुढे चंद्राच्या गतीशी तो जुळेना. आधी केलेलं भाकीत एवढीच खात्री देतं की उत्तर बघून बटण फिरवलेलं नाही. नंतरही ती खात्री देता येते, फक्त दाखवून द्यावी लागते.

कृष्णऊर्जा ठिगळ म्हणून आली हे खरं. सुपरनोव्हा सुयांनीही बसले, २००० मध्ये तसा पेपरही आहे. पण कृष्णऊर्जेचा तो एक आकडा मग वेगळ्या वाटेने, म्हणजे प्रारणाच्या डागांवरून आणि दीर्घिकांच्या मांडणीवरून मोजला, तर तोच आला. ताईंच्या फेरिटिनसारखं. कृष्णद्रव्याचंही तसंच: तिसऱ्या शिखराची उंची त्याचं प्रमाण सांगते, आणि ते दीर्घिकासमूहांच्या हिशेबाशी जुळतं. कण मात्र अजून कुठल्याही प्रयोगात सापडलेला नाही. उद्या सापडलाच नाही आणि ते व्हल्कन निघालं तर मला आश्चर्य वाटेल, पण मी झोप गमावणार नाही.

खगोल_राजन

म्हणजे माझा वस्तराच झाला ना हा? कमी बटणं ती साधी.

निरभ्र

जवळपास, पण नेमका तो नाही. बटणं कमी असणं हे खरं असण्याची खूण नव्हे. १९४८ च्या स्थिर स्थितीत महास्फोटापेक्षा कमी बटणं होती, आणि ती त्याच कारणाने लवकर पडली. कमी बटणांचा उपयोग चूक असलं तर पटकन कळावं यासाठी. तात्यांनी वर वस्तऱ्याची टिंगल केली तेव्हा मी मनात टाळी दिली होती.

विंगेतला

एक गोष्ट राहिली, आणि ती कुणी बोलत नाही. तुमची सहा आकड्यांची यंत्रणा हजारो लोकांनी चाळीसेक वर्षं घासूनपुसून चालू केली. सुयांच्या बाजूला माणसं किती? हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, बहुतेक निवृत्तीच्या आसपासची. महास्फोटाला विरोध करणारे खगोलशास्त्रज्ञ हॅल्टन आर्प यांना कॅलिफोर्नियातल्या मोठ्या दुर्बिणींवर वेळ मिळणं बंद झालं आणि ते जर्मनीत गेले. हॉयल २००१ मध्ये गेले, बर्बिज २०१० मध्ये. ध्रुवीकरणाचं भाकीत त्या विश्वात आधीच निघालं नाही, ते निघणं अशक्य होतं म्हणून की काढायला कुणी नव्हतं म्हणून? हे आपल्याला माहीत नाही. 'बहुमत' मी म्हणालो ते या अर्थाने. मतदान निकालावर होत नाही, कुठला सिद्धांत वाढवायचा यावर होतं.

निरभ्र

याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की माणसं कमी होती ती सगळी दाबल्यामुळे नाही. पीएचडीला आलेला विद्यार्थी विचारतो, यात मला पाच वर्षांत मोजून बघता येईल असं काय मिळेल? तिथे तो सिद्धांत त्याला फारसं काही देऊ शकत नव्हता. पण कारण आधी कुठलं आणि परिणाम कुठला, यावर मी पैज लावणार नाही.

ऊटीचा चहा

विद्यार्थ्याचा मुद्दा बरोबर. आमच्याकडे मुलं दुर्बिणीकडे धावायची, कारण रात्री डेटा घेतला की सकाळी हातात काहीतरी असायचं.

सन्मान_जोशी

चर्चा वाचली. सूर बरा आहे, माझी पहिली प्रतिक्रिया तेवढी तीव्र नको होती असं काहींना वाटेल, पण मी ती काढत नाही. एक विचारतो. आता नवी वेब दुर्बीण फार दूरच्या, अपेक्षेपेक्षा मोठ्या दीर्घिका दाखवते म्हणे. म्हणजे सरांचं बरोबर निघतंय का?

निरभ्र

तशा बातम्या खूप फिरल्या. उलटंच आहे. १९९३ च्या विश्वाच्या छापलेल्या आवृत्त्यांत चालू आवर्तनातली कमाल रेडशिफ्ट ५-६ च्या आसपास धरलेली होती, कारण मागच्या आकुंचनात विश्व तेवढंच लहान झालं होतं. वेबने १४ च्या वरची दीर्घिका दाखवली आहे. म्हणजे आकुंचन बरंच जास्त खोल न्यावं लागेल, आणि ते नेलं की धुक्याचा दाटपणा आणि त्या डागांचा आकार, दोन्ही पुन्हा नव्याने बसवावे लागतील. त्या दीर्घिका इतक्या लवकर इतक्या तेजस्वी कशा झाल्या हा प्रश्न आमच्या बाजूलाही खरा आहे, पण तो सध्या तारे कसे बनतात या वरातीतल्या पाहुण्याकडे गेलाय.

विंगेतला

पाहुण्याकडेच का, नवरदेवाकडे का नाही?

निरभ्र

कारण तारे बनण्याबद्दल आम्हाला मुळातच कमी कळतं, आणि तिथे हलवलं तर ध्रुवीकरण, दीर्घिकांची मांडणी वगैरे जुळलेलं काही मोडत नाही. विस्ताराच्या वेगाचं प्रकरण मात्र वेगळं. प्रारणावरून तो ६७ येतो आणि जवळच्या सुपरनोव्हांवरून ७३, आणि दोन्ही गट आपल्या चुका पुन्हापुन्हा तपासून बसलेत. तिथे पाहुणा दोषी की नवरदेव, यावर आमच्या कँटीनमध्येही रोज दोन टेबलं पडतात.

मुळशीकर

त्या ६७ आणि ७३ वर वेगळा धागा काढतो. निरभ्र, वेळ असेल तर तिकडे या. आणि सुपरनोव्हाची अंतरं मुळात मोजतात कशी तिथपासून सुरू करा, मला तेच कळलेलं नाही.